न वाचलेलं चौथं प्रकरण

खोटं बोलायला तोंड उघडावंच लागतं असं नाही. मदिहानं नुसती मान हलवली होती.

सांगलीच्या त्या कॉलेजात इतिहासाच्या विभागाला जिन्याशेजारची एक लांबट खोली होती. खिडकीपाशी अंजना मॅडमचं टेबल. त्या दिवशी मॅडमचा गुरुवार होता. राजगिऱ्याचा लाडू कागदावर तसाच ठेवून त्या मदिहाचा कच्चा खर्डा वाचत होत्या. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा लघुप्रबंध, त्यातलं पहिलंच प्रकरण. आपल्या विषयावर आधी कोण काय म्हणून गेलं याचा आढावा.

"मदिहा, तू तीन माणसं तीन खोल्यांत बसवलीस बघ," मॅडम म्हणाल्या. "शेडबाळे असं म्हणतात. मग इनामती असं म्हणतात. मग अंबपकर असं म्हणतात. एकाचा आवाज दुसऱ्याला ऐकू जाईना. आढावा म्हणजे तिघांची ओळखपरेड नव्हे गं बाई. तिघांना एका अंगणात आण, एकच प्रश्न मधे ठेव आणि भांडू दे त्यांना."

"आणि मी काय करू मॅडम?"

"तू कोण कुठं अडतंय ते बघ. आणि भांडण कशावरनं लागलंय तेही बघ. तिघांनी एकच कागद वाचले, का वेगवेगळे?"

प्रश्न पत्री सरकारचा होता. बेचाळीसच्या चळवळीनंतर, इंग्रज अजून इथंच असताना, सातारा जिल्ह्यातल्या गावांनी स्वतःचं सरकार चालवलं. तेव्हा सांगलीकडचा बराच मुलूख साताऱ्यातच मोडायचा. भूमिगतांनी गावोगाव न्याय दिला, दरोडेखोरांना वठणीवर आणलं, आणि पोलीस मागावर असतानाही ते सरकार वर्षानुवर्षं टिकून राहिलं. पण टिकलं ते कशाच्या जोरावर? वाद होता तो इथं. वीरधवल शेडबाळे म्हणत, विचाराच्या जोरावर. पुढाऱ्यांनी पेरलेल्या स्वातंत्र्याच्या आणि समतेच्या विचारावर. जयराज इनामती म्हणत, विचार राहू द्या बाजूला, लहान शेतकऱ्याला सावकार आणि गुंड नकोसे झाले होते, त्याला त्याचा न्याय मिळाला म्हणून टिकलं. आणि संयोगिता अंबपकर म्हणत...

इथंच गोम होती. संयोगिता अंबपकर काय म्हणत ते मदिहाला ठाऊक होतं, पण इनामतींच्या तोंडून.

"तिघांनाही वाचलंस ना मुळातून?" मॅडमनी खर्ड्यावरची नजर न उचलता विचारलं.

आणि मदिहानं मान हलवली.

मॅडमना तेवढं पुरलं. "पुस्तक दाखव" असं त्या कुणालाही म्हणत, मदिहाला नाही. वर्गात इतरांना सांगताना त्या म्हणत, "मदिहा फारूक मुल्लाकडं बघा जरा. ती पोर तळटीप सोडत नाही." असं कुणी आपल्याबद्दल चारचौघांत म्हटलं की ते खरं करून दाखवावं लागतं. मदिहानं बाकी सगळीकडं ते खरं केलंही होतं. शेडबाळे दोनदा वाचले होते. इनामतींच्या पुस्तकाला तर इतक्या चिठ्ठ्या चिकटल्या होत्या की ते पुस्तक मोरासारखं फुललं होतं.

अंबपकरांचं पुस्तक मात्र मिळेना. कॉलेजच्या कपाटात त्याची नोंद होती, पुस्तक नव्हतं. दुकानांतून ते केव्हाच संपलेलं. एक प्रत वाईला, घाटामागच्या जुन्या वाचनालयात आहे, असं मॅडमनीच सांगितलं होतं. घरी देत नाहीत, तिथंच बसून वाचावं लागतं. मदिहा जाणारच होती. एकदा फुफीच्या मुलीचं लग्न आलं, एकदा कॉलेजची परीक्षा. मग खर्डा द्यायची तारीख आली.

आणि इनामतींच्या पुस्तकात तर सगळं ताटात वाढून ठेवल्यासारखं होतं. अंबपकरांवर टीका करताना त्यांनी बाईंची वाक्यं दिली होती, खाली पान क्रमांक दिला होता. 'भावकी हाच पत्री सरकारचा कणा होता,' असं अंबपकर लिहितात, असं इनामती लिहीत होते. आणि पुढं विचारत होते, की मग ज्यांना गावात भावकीच नाही त्यांचं काय?

ते वाचून मदिहाच्या अंगावर काटा आला होता. कारण ज्यांना भावकी नाही ते म्हणजे आपणच की! आष्ट्यातलं मुल्लांचं एकुलतं घर. तिच्या दादीची, मदिनाबीची सासू त्या काळात भाकरीची बुट्टी डोक्यावर घेऊन मळ्यात जायची, वर चार शेण्या ठेवून. खाली भाकरी भूमिगतांच्या. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट कुठल्या पुस्तकात सापडली नाही म्हणूनच तर तिनं हा विषय घेतला होता.

दुसऱ्याच्या पुस्तकातून उतारा घेतला तर तसं सांगायचं, 'इनामती यांच्या ग्रंथात उद्धृत' असं लिहायचं, त्यात कमीपणा काही नाही, हे मॅडमनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मदिहानं ते टाइप केलंही. मग पडद्यावर बघत राहिली. नव्या कापडाला ठिगळ लावल्यागत दिसत होतं ते. तिनं ते शब्द पुसले आणि अंबपकरांचं पुस्तक आणि पान असं सरळ लिहून टाकलं, जणू पान आपणच उलटलंय.

आणि आढाव्याच्या शेवटी लिहिलं: 'वरीलपैकी कोणीही भावकीबाहेरच्या घरांचा विचार केलेला नाही. अंबपकर तर सारं श्रेय भावकीलाच देतात. ही उणीव प्रस्तुत प्रबंध भरून काढणार आहे.'

मॅडमनी त्या ओळींखाली लाल नाही, हिरवी रेघ मारली. "हे छान. ही तुझी जागा. याच्यावर तुझा सगळा प्रबंध उभा राहील." आणि मग लाडू फोडून अर्धा तिच्या हातावर ठेवला. "घे. दत्ताचा प्रसाद म्हण. चालतो ना तुला?"

"चालतो की मॅडम," मदिहा म्हणाली. लाडू घशात कोरडा लागला, पण राजगिऱ्याचा लाडू तसाही कोरडाच असतो, अशी तिनं मनाची समजूत घातली.

साताऱ्याच्या एका कॉलेजात पदवीच्या मुलांचं संशोधन मांडायचा कार्यक्रम होता. मॅडमनी विभागातर्फे मदिहा एकटीचं नाव पाठवलं. आढावा तोवर खरंच चांगला झाला होता. तिघं इतिहासकार एका अंगणात आले होते, आणि मदिहानं भांडणाचं मूळही शोधलं होतं. शेडबाळ्यांनी पुढाऱ्यांच्या आठवणी वाचल्या म्हणून त्यांना विचार दिसला. इनामतींनी पोलिसांचे अहवाल आणि खटले तपासले, म्हणून त्यांना तंटे दिसले. अंबपकर गावोगाव हिंडून माणसांशी बोलल्या, म्हणून त्यांना नाती दिसली. "वाह," असं मॅडम त्या परिच्छेदापाशी मोठ्यानं म्हणाल्या होत्या.

साताऱ्यात मदिहा बोलायला उभी राहिली. तिनं छान मांडलं. शेवटी उणिवेची ती तीन वाक्यं वाचली, आणि आपल्या दादीच्या सासूची बुट्टी सांगितली, तेव्हा मागच्या बाकांवरची पोरंही गप्प झाली.

परीक्षकांत जोतीराम सर होते. निवृत्त झालेले, कडेगावकडचे, आडव्या अंगाचे. डोक्याला पांढरी टोपी आणि बोलण्यात अजून गावाकडची माती. अंजना मॅडमना त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला.

"लय चांगलं मांडलंस पोरी. एकच विचारतो. अंबपकरबाईंच्या चौथ्या प्रकरणाबद्दल तुझं काय मत हाय?"

चौथं प्रकरण. त्या पुस्तकात प्रकरणं किती हेही तिला ठाऊक नव्हतं.

"सर, ते... तेही भावकीवरच आहे. तोच मुद्दा पुढं नेलाय त्यांनी."

"भावकीवरच?"

"हो सर."

सर तिच्याकडं बघत राहिले. रागानं नाही, आपल्याला नीट ऐकू आलं का असं स्वतःलाच विचारल्यागत. सभागृहात कुणाची तरी खुर्ची करकरली. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून अंजना मॅडम उभ्या राहिल्या. त्या कधी आवाज चढवत नसत. आताही चढवला नाही, पण प्रत्येक शब्द नीट ऐकू गेला.

"सर, मधे बोलते, माफ करा. ही मुलगी पुस्तक वाचते म्हणजे तळटिपांसकट वाचते. तिनं वाचलंय. मी माझा शब्द देते."

मदिहा मंचावरच्या मेजाला धरून उभी होती. आत्ता बोल, असं आतून कुणीतरी म्हणत होतं.

जोतीराम सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तुम्ही म्हणताय म्हणजे असंल," ते हळूच म्हणाले. "माझीच आठवण दगा देत असंल. वय झालं आता."

आणि त्यांनी मान खाली घातली. साठ-सत्तर पोरांदेखत एका म्हाताऱ्या गुरूनं मान खाली घातली, आणि जिनं घालायची ती ताठ उभी होती.

दुसरा क्रमांक मिळाला. प्रमाणपत्र आणि गुलाबाचं फूल.

परतीच्या एस.टी.त मॅडम खिडकीशी बसल्या. गाडी साताऱ्याबाहेर पडल्यावर मग म्हणाल्या, "वाईट वाटलं गं मला. सरांना मी देवासारखं मानते. पण पोरीवर खोटा आळ यायला लागल्यावर गप्प कसं बसायचं?"

"मॅडम..."

"तू नको मनाला लावून घेऊस. त्यांनी मुद्दाम नाही केलं. असं कर, तू त्या प्रकरणाचे फोटो काढले असशील ना वाईला? मला पाठव. मी त्यांना बेतानं कळवते. त्यांनाही वाटलं पाहिजे ना, की अंजनानं उगीच तोंड नाही उघडलं."

कंडक्टर आला. "कुठं बाई?"

"मला सांगली, हिला आष्टा. दोन्ही अर्धी."

मदिहा पुढच्या सीटच्या मळक्या रेक्झिनकडं बघत होती. "पाठवते मॅडम," ती म्हणाली. या वेळी तोंडानं म्हणाली.

घरी अब्बांनी प्रमाणपत्र हातात घेतलं तेव्हा हाताला लागलेला कापूस आधी झटकला. त्यांचं गाद्यांचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. "बघा अम्मा, साताऱ्यातनं आणलंय पोरीनं!" ते ओरडले. "तुमच्या सासूची बुट्टी पार साताऱ्याला पोचली!"

मदिनाबी पलंगावर जपमाळ घेऊन बसली होती. "तवा बी गेली असती की," ती म्हणाली. "पर तवा न्यायला कोन न्हवतं." मग नातीकडं बघून, "काय गं, बक्षीस आणलंस का दुखनं? तोंड का असं?"

"दमले गं दादी."

अब्बा प्रमाणपत्र तसंच घेऊन चौकटवाल्याकडं गेले.

सकाळी उजाडायच्या आत मदिहानं वाईचा रस्ता धरला. इस्लामपूर, सातारा, वाई, गाड्या बदलत. घरी सांगितलं, अभ्यासाला जाते. ते तरी खरं होतं. वाईला उतरली तेव्हा ऊन कृष्णेच्या पाण्यावर आलं होतं. घाटावर एक बाई ओल्या लुगड्यानं दिवा लावत होती. मदिहा डोक्यावरची ओढणी सारखी करत तिच्या कडेनं गेली. देवाच्या दारातनं जाताना देव कुणाचा हे कोण बघतं. आपण कशा तोंडानं जातोय एवढंच कळतं.

वाचनालयातल्या बाईंनी पुस्तक काढून दिलं. निळ्या कापडाची बांधणी, कडा झिजलेल्या. इतकं साधं होतं ते. मागितलं असतं तर केव्हाही मिळालं असतं.

तिनं आधी तेच वाक्य शोधलं. पान बरोबर होतं. वाक्यही होतं. पण ते तिथं संपत नव्हतं. 'भावकी हाच पत्री सरकारचा कणा होता, असं मला गावोगाव सांगण्यात आलं; आणि जिथं जिथं मी थोडी अधिक थांबले, तिथं ते अपुरं ठरलं.' इनामतींनी अर्धं घेतलं होतं. आणि मदिहानं ते अर्धंच पूर्ण म्हणून साताऱ्याला नेलं होतं.

मग चौथं प्रकरण. त्याचं नाव 'बिनभावकीची घरं'.

ती वाचत गेली. गावकुसाबाहेरची घरं, एकाकी विधवा, सुतार, मुलाणी, पिंजारी. अंबपकरबाईंनी त्यांच्या चुलीपाशी बसून ऐकलेलं सगळं. एका मुलाणी बाईनं सांगितलं होतं, 'आमच्या घरात पोलीस येनार न्हाईत असं समद्यांस्नी वाटायचं, म्हनून आमच्याच घरात ठेवायचे.' बाईंनी पुढं लिहिलं होतं, की ज्यांना भावकी नव्हती त्यांच्यावर संशय कमी होता. म्हणून जाळ्याच्या सगळ्यात नाजूक गाठी त्यांच्या घरात मारलेल्या होत्या. आणि अगदी शेवटी एक ओळ: 'या घरांबद्दल मी फार थोडं मिळवू शकले. पुढं कुणीतरी यावं.'

कुणीतरी यावं म्हणून एक बाई दार उघडं ठेवून गेली होती. आणि मदिहा त्याच दारावर उभी राहून, आत कुणीच राहत नाही असं जगाला सांगून आली होती.

तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. नुसते कान तापले. पलीकडं एक आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. ते आपल्याकडंच बघतायत असं वाटलं. ते बघत नव्हते.

तिनं फोन काढला, त्या प्रकरणाचे फोटो घेतले. मॅडमना पाठवायचे होते ना. बोट पाठवायच्या खुणेपर्यंत गेलं. फोटो पाठवले तर मॅडम एक ओळ वाचतील आणि सगळं समजतील. आणि तेही बरंच झालं असतं, आपल्याला तोंड उघडावं लागलं नसतं. पुन्हा एकदा तोंड न उघडता.

तिनं फोन पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी ती जिन्याशेजारच्या खोलीत गेली तेव्हा मॅडम एकट्याच होत्या. चतुर्थी होती, टेबलावर डब्याऐवजी नुसतं पाण्याचं तांब्याभांडं.

"ये. फोटो आले नाहीत गं तुझे."

"मॅडम, मी अंबपकर वाचलं नव्हतं."

मॅडम हसल्या. त्यांना कळलंच नाही. "म्हणजे पुन्हा वाचायचंय?"

"नाही मॅडम. वाचलंच नव्हतं. इनामतींच्या पुस्तकातनं घेतलं सगळं. पान नंबरसुद्धा. काल वाईला जाऊन पहिल्यांदा वाचलं. सरांचं बरोबर होतं. चौथं प्रकरण भावकीबाहेरच्या घरांवरच आहे. मी जी उणीव म्हटली ती उणीव नाहीच."

मॅडमनी पाण्याचं भांडं उचललं आणि न पिताच खाली ठेवलं.

"मी उभी राहिले," त्या म्हणाल्या, "तेव्हा तुला माहीत होतं."

"हो मॅडम."

"पदर धरून खाली बसवायचं होतंस मला. तेवढं तरी."

मदिहाला वाटलं होतं त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या टेबलावरच्या आढाव्याकडं बघत होत्या, हिरव्या रेघेकडं.

"सरांना मी फोन लावून देते," अखेर त्या म्हणाल्या. "बोलायचं तू."

जोतीराम सर कुठल्या तरी शेतातनं बोलत असावेत. मागं विहिरीवरच्या मोटरीचा आवाज होता. मदिहानं एका दमात सांगितलं. पलीकडं मोटर बंद झाली.

"बरं," सर म्हणाले. "आन् अंजनाबाईंना ठावं होतं?"

"नाही सर. त्यांना आत्ता कळलं. सर, ते प्रमाणपत्र मी परत पाठवते."

"पाठव. ते तुझं न्हवं, खरं हाय. ज्यांनी कार्यक्रम भरवला त्यास्नी मी सांगतो." आवाजात ना गोडी होती ना कडूपणा. "बाईंकडं दे आता."

मॅडमनी फोन कानाला लावला. पलीकडचं मदिहाला ऐकू येत नव्हतं. मॅडमचं तेवढं ऐकू आलं, आणि ते ऐकायला नको होतं.

"नाही सर... नाही, तिची एकटीची नाही. मी पुस्तक मागून घेऊन बघायला पाहिजे होतं... हो. मीही वाचलेलं नाही सर ते. नुसतं नाव ठाऊक होतं... मी शब्द दिला तुमच्यापुढं. माफ करा मला."

एवढ्या वर्षांची बाई, एवढ्या मानाची, पदर हातात चुरगाळत उभ्यानं बोलत होती. मदिहा भिंतीकडं बघत राहिली. जगात बघण्यासारखं तेव्हा तेवढंच होतं.

चौकट घरी आली होती. अब्बांनी ती दुकानात, गादीचे नमुने टांगायच्या खिळ्याला लावली होती. मदिहानं तिथंच, गिऱ्हाईक गेल्यावर, सगळं सांगितलं. आढावा म्हणजे काय हे अब्बांना नीट ठाऊक नव्हतं. पण न मोजता माप सांगितलं, हे त्यांना एका वाक्यात कळलं.

"मापच घेतलं न्हाईस व्हय," ते म्हणाले, "आन् शिवून दिलंस." मग खुर्चीवर चढून त्यांनी चौकट काढली, मागचे खिळे पकडीनं उपसले, आणि कागद तिच्या हातात दिला. काच तशीच भिंतीशी उलटी करून ठेवली. त्या दिवशी शेजारच्या दुकानदारानं "काय मुल्लाभाई, बक्षीस कुठं गेलं?" असं विचारलं तेव्हा अब्बा कापूस पिंजत राहिले.

दादीला सांगायचं राहिलंच होतं. "दादी, आपल्यासारख्या घरांबद्दल लिहिलंय गं एका बाईंनी. माझ्या आधीच. मी लिहिणार होते ते."

"लिवलंय?" मदिनाबीची जपमाळ थांबली. "मग बरंच झालं की. तू अशी का सांगतीस, कोन मेल्यागत?"

"मी म्हटलं होतं, कुणीच नाही लिहिलं."

"आगं माझे आई," म्हातारी म्हणाली. "न बघता 'कुनी न्हाई' म्हनू ने. अल्ला सोडून ते कुनाला ठावं असतं?" आणि जरा वेळानं, "माझ्या सासूचं नाव हाय का त्यात?"

"नाही. दुसऱ्या घरांचं आहे."

म्हातारीनं नुसतं "हं" केलं आणि माळ पुन्हा सुरू केली.

आढावा मदिहानं पुन्हा लिहिला. शेडबाळे आणि इनामती होते तिथंच राहिले. अंबपकर मात्र जागच्या उठल्या आणि त्या दोघांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या, कारण आता भांडण निराळंच लागलं होतं. इनामतींनी अंबपकरांचं वाक्य अर्धवट घेतलं, हे तिनं दोन्ही पानं देऊन दाखवलं. इनामतींना ज्या घरांचा प्रश्न पडला होता त्याचं उत्तर अंबपकरांनी आधीच शोधायला घेतलं होतं, हे लिहिलं. पण ते थोड्याच घरांपुरतं, असं त्या स्वतःच म्हणतात, हेही लिहिलं. आणि 'ही उणीव प्रस्तुत प्रबंध भरून काढणार आहे' याच्या जागी, 'अंबपकर यांनी जिथं थांबल्याचं नमूद केलं, तिथून आष्टा परिसरातल्या काही घरांपुरती भर घालण्याचा हा प्रयत्न आहे,' एवढंच. लहान वाक्य झालं. त्याच्यावर काही फार मोठं उभं राहणार नव्हतं.

एक वाक्य तिनं जास्तीचं लिहिलं होतं: या आढाव्याच्या पहिल्या खर्ड्यात लेखिकेकडून मूळ ग्रंथ न वाचण्याची चूक झाली होती. मॅडमनी ते लाल शाईनं खोडलं.

"आढाव्यात आपली लाज मांडायची नसते. तिथं त्या तिघांचं बोलणं असतं. तुझं तू घरी ठेव."

"हो मॅडम."

मॅडम पुढं वाचत गेल्या. आवाज नेहमीचा होता, मऊ. भांडण कुठं लागतंय त्या जागी मान डोलली सुद्धा. मदिहाला क्षणभर वाटलं, झालं, सरलं सगळं. मग मॅडम शेडबाळ्यांच्या पहिल्याच तळटिपेपाशी थांबल्या. ते पुस्तक मदिहानं दोनदा वाचलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. पूर्वी त्या अशा टिपेवरून बोट फिरवून पुढं जात.

आता त्यांनी बोट टिपेवर ठेवलं आणि दुसरा हात पुढं केला, तळवा वर करून.

"पुस्तक?"

मदिहानं पिशवीतून शेडबाळे काढले, पान उघडलं आणि त्या हातावर ठेवले. मॅडमनी ओळ शोधली, जुळवून बघितली, बारीक बरोबरची खूण केली. मग पुढच्या टिपेवर बोट ठेवलं, आणि हात पुन्हा पुढं आला.